फ्रेंच शब्द शेपटाकडून सोडवा

«डेल्फ बी-१ ची तयारी करतेय. फ्रेंच लेख वाचायला घेतला की ओळीला दोन-तीन शब्द अडतात आणि प्रत्येक वेळी डिक्शनरी उघडते. परीक्षेत ती मिळणार नाही. क्लासमध्ये सांगतात, शब्दांची कुटुंबं शिका, उपसर्ग-प्रत्यय शिका. त्यांचे तक्ते पाठ केले, पण नवा शब्द समोर आला की त्यांचा उपयोग होत नाही, उलट अंदाज चुकतात. नेमकं करायचं काय?»

तक्त्यात चूक काही नसते. पण तक्ता शब्द जोडून दाखवतो आणि वाचताना आपल्याला तो उलगडायचा असतो. शिवाय बहुतेक तक्ते उपसर्गांपासून सुरू होतात, म्हणून विद्यार्थीही शब्दाला डावीकडून हात घालतात. सुरुवातीला ‘दे’ दिसलं की ‘उलट’, ‘र’ दिसलं की ‘पुन्हा’, असा अर्थ लावून मोकळे होतात. माझ्या वर्गात चुकणारे अंदाज बहुतांशी इथेच चुकतात. फ्रेंच शब्दाचं डोकं फसवं असतं, शेपूट बरंच प्रामाणिक असतं. म्हणून मी उलटा क्रम शिकवते: आधी शेपूट कापा, मग काय उरलं ते बघा, मग डोकं काढा आणि शेवटी आलेला अर्थ वाक्यात बसवून बघा.

दोन गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे साधे, रोजचे शब्द तुम्हाला किती पक्के येतात. ‘हळू’ला काय म्हणतात हेच माहीत नसेल तर त्यापासून झालेला लांबलचक शब्द कितीही कापला तरी हाती काही लागणार नाही. ए-२ नीट झालेलं असेल तर पुरेसं भांडवल असतं. दुसरी गोष्ट, ही युक्ती वाचताना आणि ऐकताना चालते. लिहिताना ती जपून वापरावी लागते, ते पुढे सांगते.

फ्रेंच शब्द मी इथे देवनागरीत लिहितेय, कारण शब्दांमधलं नातं आधी कानाला कळावं असं मला वाटतं. अनुस्वार नाकातून म्हणा. जिथे नातं फक्त स्पेलिंगमध्ये दिसतं तिथे तसं सांगेन. तुमच्या वहीत मात्र मूळ स्पेलिंगच हवं.

एक वाक्य घेऊ. वर्तमानपत्रात सहज येईल असं: ‘रस्त्याच्या एलार्झिसमांमुळे वाहतुकीचं रालांतिसमां झालं.’ मुद्दाम दोनच शब्द फ्रेंच ठेवलेत. दोन्हींचं शेपूट ‘मां’. ते कापलं की उरतं ‘एलार्झिस’ आणि ‘रालांतिस’. हा ‘इस’ महत्त्वाचा आहे. ‘आम्ही संपवतो’ म्हणताना ‘नू फिनिसों’ म्हणतो ना, तोच हा ‘इस’. म्हणजे आत ‘ईर’ने संपणारं क्रियापद दडलंय: ‘एलार्झीर’ आणि ‘रालांतीर’. आता डोकं काढा. पहिल्यात ‘लार्झ’ उरतं, म्हणजे रुंद. दुसऱ्यात ‘लांत’ उरतं, म्हणजे ‘हळू, मंद’ या अर्थाच्या ‘लां’चं स्त्रीलिंगी रूप. मग रस्त्याचं रुंदीकरण आणि वाहतूक मंदावणं, हा अर्थ आपोआप मिळतो. शिवाय हे ‘मां’ क्रियापदावर बसलेलं असल्याने दोन्ही नामं पुल्लिंगी, म्हणजे आर्टिकलही फुकट मिळालं.

इथे डोक्यात काय होतं ते पाहा. एकीकडे ‘ए’, दुसरीकडे ‘रा’. दोघांनी अर्थाला फारसं काही दिलं नाही. विशेषणाच्या पुढे ‘ए’, ‘आ’, ‘आं’, ‘रा’ यांपैकी काहीतरी आणि मागे ‘ईर’ दिसलं, की ‘तसं होणं किंवा तसं करणं’ एवढंच समजायचं. ‘रीश’ म्हणजे श्रीमंत, ‘आंरिशीर’ म्हणजे श्रीमंत करणं. ‘झन’ म्हणजे तरुण, ‘राझनीर’ म्हणजे तरुण दिसायला लागणं. कधी पुढे काहीच नसतं. ‘रूझ’ लाल, ‘रूझीर’ लाल होणं, लाजणंसुद्धा. ‘राझनीर’ला ‘पुन्हा तरुण’ म्हटलं तर एकवेळ चालून जाईल, पण ‘रालांतीर’ला ‘पुन्हा हळू’ म्हणाल तर वाक्य बिघडेल.

शेपूट कापल्यावर काय उरतं, यावर मी एवढा भर का देते? कारण एकच शेपूट दोन कामं करतं आणि कोणतं काम चाललंय हे फक्त उरलेला तुकडा सांगतो. ‘मां’चंच बघा. ‘लोझमां’ म्हणजे राहण्याची जागा. कापल्यावर ‘लोझे’, म्हणजे राहणं, या क्रियापदाचा तुकडा उरतो, म्हणून ते नाम. ‘लांतमां’ कापा, ‘लांत’ उरतं. ते विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप, म्हणून हा शब्द क्रियाविशेषण: हळूहळू. क्रियापद उरलं तर नाम, स्त्रीलिंगी विशेषण उरलं तर क्रियाविशेषण. ‘अर’ या शेपटाचंही तसंच. ‘शांतर’मधून ‘शांते’, म्हणजे गाणं म्हणणं, हे क्रियापद निघतं, म्हणून तो गायक, पुल्लिंगी. ‘ब्लांशर’मधून ‘ब्लांश’, म्हणजे पांढरी, हे विशेषण निघतं, म्हणून ती शुभ्रता आणि स्त्रीलिंगी.

यातून लिंगाचे अपवादही सुटे होतात. ‘आझ’ने संपणारी नामं पुल्लिंगी, असा नियम तुम्ही पाठ केला असेल आणि त्याखाली पान या अर्थाचं ‘पाझ’, समुद्रकिनारा या अर्थाचं ‘प्लाझ’, पिंजरा या अर्थाचं ‘काझ’, चित्र या अर्थाचं ‘इमाझ’ अशी स्त्रीलिंगी अपवादांची रांग असेल. आता ‘लावाझ’ कापा: ‘लावे’, धुणं, मिळतं. ‘प्लाझ’ कापा: ‘प्ल’ उरतं, त्याला काही अर्थ नाही. म्हणजे इथे ‘आझ’ हा प्रत्यय नाहीच, ते शब्दाचंच अंग आहे. मग प्रत्ययाचा नियम त्याला लागू का पडावा? ही चाचणी अपवाद पाठ करण्यापेक्षा जास्त टिकते.

‘इए’ आणि त्याचं स्त्रीलिंगी ‘इएर’ हे माझं लाडकं शेपूट आहे, कारण ते स्वयंपाकघरापासून बागेपर्यंत सगळीकडे भेटतं. फळावर बसलं तर झाड होतं: ‘पॉम’ सफरचंद, ‘पॉमिए’ सफरचंदाचं झाड, ‘प्वार’ नासपती, ‘प्वारिए’ तिचं झाड. कामाच्या जागेवर किंवा वस्तूवर बसलं तर माणूस होतो: ‘झार्दॅं’ बाग, ‘झार्दिनिए’ माळी. टेबलावरच्या जिनसेवर बसलं तर भांडं होतं: ‘स्युक्र’ साखर, ‘स्युक्रिए’ साखरेचं भांडं, ‘सेल’ मीठ, ‘सालिएर’ मिठाची बाटली, ‘सांद्र’ राख, ‘सांद्रिए’ अ‍ॅशट्रे. कॉफीच्या ‘काफे’पासून तर तिन्ही होतात: ‘काफेइए’ हे झाड, ‘काफतिए’ हा कॅफेचा मालक आणि ‘काफतिएर’ ही कॉफीची किटली. म्हणजे नुसत्या शेपटावरून ‘कशाशी तरी संबंधित’ एवढंच कळतं, झाड की माणूस की भांडं हे वाक्य ठरवतं. बागेच्या लेखात झाड, जेवणाच्या वर्णनात भांडं. तेवढं पुरतं.

‘काफतिए’मध्ये मधेच टपकलेला ‘त’ बघितलात? शब्द स्वरावर संपत असेल तर प्रत्यय जोडताना फ्रेंच लोक बरेचदा मधे ‘त’ घालतात. ‘बिझू’ दागिना, ‘बिझूतिए’ सराफ. अशा वेळी कापल्यावर एक ‘त’ जास्तीचा उरतो, तो खुशाल टाकून द्यायचा.

पण काही ठिकाणी तोच ‘त’ जास्तीचा नसतो, लपलेला असतो. दुधाला ‘ले’ म्हणतात, पण स्पेलिंगमध्ये शेवटी न उच्चारलेला ‘टी’ आहे, तो ‘लेतिए’ या दुग्धजन्य वस्तूंच्या विशेषणात बोलू लागतो. शिशाला ‘प्लों’ म्हणतात, शेवटचा ‘बी’ मुका. तो ‘प्लोंबिए’मध्ये, म्हणजे प्लंबरमध्ये ऐकू येतो, कारण पाण्याचे नळ एके काळी शिशाचे असत. दाताला ‘दां’, पण दातांचा डॉक्टर ‘दांतीस्त’. श्रुतलेखनात शेवटचं मुकं अक्षर कोणतं हे आठवत नसेल तर कुटुंबातला मोठा शब्द उच्चारून बघा, अक्षर बहुधा सापडतं.

आता डोक्याकडे येऊ. ‘दे’ हा उपसर्ग समजायला विमानतळासारखी जागा नाही. ‘कॉल’ म्हणजे गोंद, ‘कोले’ चिकटवणं, ‘देकोले’ चिकटलेलं सुटणं. त्यापासून ‘देकोलाझ’, म्हणजे विमानाचं उड्डाण: चाकं जमिनीपासून सुटतात. त्याच क्रियापदाला ‘आझ’ऐवजी ‘मां’ लावा, ‘देकोलमां’ होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात तर त्याचा अर्थ पडदा सुटणं, रेटिना निसटणं. एकाच क्रियापदाला दोन्ही शेपटं लागतात तेव्हा ‘आझ’ बहुधा हातांनी किंवा यंत्राने केलेल्या कामाकडे झुकतं आणि ‘मां’ घडून आलेल्या अवस्थेकडे. हा पक्का नियम नाही, कल आहे, पण वाचताना उपयोगी पडतो.

उतरण्याचा शब्द ‘आतेरिसाझ’. शेपूट काढा, ‘इस’ ओळखा, ‘आतेरीर’ मिळतं, आणि आत ‘तेर’, म्हणजे जमीन. ‘आ’ इथे ‘कडे’ या अर्थाचा: जमिनीकडे येणं. याच साच्यात समुद्र या अर्थाचा ‘मेर’ घालून ‘आमेरीर’, पाण्यावर उतरणं, आणि चंद्र या अर्थाचा ‘ल्यून’ घालून ‘आल्युनीर’, चंद्रावर उतरणं, हे शब्द झालेत. ‘तेर’चं घर मोठं आहे. ‘आं’ म्हणजे आत घालणं, म्हणून ‘आंतेरे’ पुरणं आणि ‘आंतेरमां’ दफनविधी. उलट ‘देतेरे’, उकरून काढणं. ‘सू’ म्हणजे खाली, म्हणून ‘सूतेरॅं’ भुयारी. ‘आं’ आणि ‘दे’ ही जोडी बोर्डिंगच्या फाटकावरही दिसते: ‘बार्क’ म्हणजे छोटी नाव, ‘आंबार्कमां’ नावेत चढणं, आता विमानातही. ‘देबार्कमां’ म्हणजे उतरणं, आणि इतिहासाच्या लेखात तो शब्द मोठ्या अक्षराने सुरू झाला तर ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, ती घटना.

‘दे’पुढे स्वर आला की मधे ‘झ’ ऐकू येतो: ‘आबिए’ कपडे घालणं, ‘देझाबिए’ उतरवणं. एक गंमत आपल्या लोकांना लगेच पटते. ‘झने’ म्हणजे उपास करणं. मग ‘देझने’? उपास सोडणं. तेच आजचं दुपारचं जेवण.

फसगत तीन ठिकाणी जास्त होते. पहिलं म्हणजे ‘दे’ दिसतं पण ते उपसर्ग म्हणून काम करत नाही. ‘पांसे’ म्हणजे विचार करणं, म्हणून ‘देपांसे’ला ‘विचार सोडून देणं’ असा अर्थ लावणारे दर वर्षी भेटतात. तो शब्द आहे पैसे खर्च करणं. ‘पांसे’ला ‘दे’ जोडून तो झालेला नाही, लॅटिनमधून तो वेगळ्या वाटेने आलाय. कापल्यावर ओळखीचा तुकडा उरला म्हणून अंदाज खरा ठरत नाही, तो वाक्यात बसायला हवा. आजूबाजूला पैसे, दुकान, महिना असे शब्द असतील तर ‘विचार सोडून देणं’ कुठे बसणार?

दुसरं, ‘र’. ‘मेर्सी’पासून ‘रमेर्सिए’ म्हणजे आभार मानणं, पुन्हा आभार मानणं नव्हे. ‘गार्दे’ म्हणजे सांभाळणं, ‘रगार्दे’ म्हणजे बघणं. जुन्या, रोजच्या क्रियापदांत ‘र’ इतका मुरलाय की तो वेगळा काढून काही मिळत नाही. ‘पुन्हा’ हा अर्थ बिनधास्त घ्यायचा तो तेव्हाच, जेव्हा ‘र’ काढल्यावर उरलेलं क्रियापद त्याच अर्थाने वाक्यात चालतं: ‘फेर’ करणं, ‘रफेर’ पुन्हा करणं.

तिसरं ठिकाण इंग्रजीमुळे येतं, आणि आपण बहुतेक जण फ्रेंचकडे इंग्रजीवरूनच येतो. फ्रेंचमध्ये ‘आबिते’ म्हणजे वस्ती असलेलं आणि ‘इनाबिते’ म्हणजे निर्मनुष्य. इंग्रजीत याच्यासारखा दिसणारा शब्द नेमका उलट, वस्ती असलेलं असं सांगतो. ‘निर्मनुष्य बेट’ वाचताना अख्खा परिच्छेद उलटा समजलेले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यात भर म्हणजे ‘इन’ दोन आहेत, एक ‘नाही’वाला आणि एक ‘आत’वाला. ‘ॲंफ्लामाब्ल’ म्हणजे पेट घेणारं, न पेटणारं नव्हे, कारण तिथला ‘ॲं’ आतला आहे. न पेटणाऱ्याला त्याच्यापुढे आणखी एक ‘इन’ लावतात. टँकरवरचा शब्द वाचताना हे माहीत असलेलं बरं.

आता तुमच्या तक्त्यांत बहुधा नसलेला भाग, आणि माझ्या मते बी-१ नंतर सगळ्यात उपयोगाचा. कधी कधी तुम्ही नीट कापता, पण उरलेला तुकडा ओळखीचा वाटत नाही. ‘ओरेर’ हा वेळापत्रकाचा शब्द घ्या. तास म्हणजे ‘अर’, मग हा ‘ओर’ कुठून आला? मराठीत आपण दात दुखला म्हणतो, पण जातो दंतवैद्याकडे. दूध पितो, पण वस्तू दुग्धजन्य. घरातला शब्द झिजलेला आणि त्यापासून केलेला भारदस्त शब्द संस्कृतातून पुन्हा उचललेला. फ्रेंचमध्ये हुबेहूब हेच झालं. बोलीतलं लॅटिन शतकानुशतकं तोंडात झिजून रोजचे शब्द बनले, आणि नंतर विद्वानांनी पुस्तकी लॅटिनमधून त्याच शब्दांची न झिजलेली रूपं विशेषणांसाठी परत आणली. त्यामुळे एका कुटुंबात दोन चेहरे असतात.

ही झीज मात्र बरीच नियमित आहे, म्हणून मागे जाता येतं. साध्या शब्दातला ‘अ’सारखा स्वर, स्पेलिंगमध्ये ‘ई-यू’, भारदस्त शब्दात ‘ओ’ होतो: ‘अर’–‘ओरेर’, फूल ‘फ्लर’–‘फ्लोराल’, एकटा ‘सल’–एकांत ‘सोलित्यूद’, लोक ‘पप्ल’–‘पोप्युलेर’. ‘वा’चा बरेचदा ‘ए’ किंवा ‘इ’ होतो: कायदा ‘ल्वा’–कायदेशीर ‘लेगाल’, श्रद्धा ‘फ्वा’–निष्ठावान ‘फिदेल’, थंड ‘फ्र्वा’–फ्रीज ‘फ्रिगो’. ‘श’चा ‘क’ होतो: कुत्रा ‘शिअॅं’–‘कानॅं’, तोंड ‘बूश’–‘ब्युकाल’, गाय ‘वाश’–लस ‘वाक्सॅं’, कारण पहिली लस गाईंच्या देवीपासून तयार झाली.

चौथी खूण डोळ्यांनी पाहायची आहे. स्वरावर छोटी टोपी दिसली की तिथे पूर्वी बहुधा ‘एस’ होता. फ्रेंच अकादमीने १७४० च्या शब्दकोशात असे मुके ‘एस’ मोठ्या संख्येने काढले आणि जागेवर खूण ठेवली. भारदस्त शब्दात तो ‘एस’ जिवंत आहे: जंगल ‘फोरे’–‘फोरेस्तिए’; कपडा ‘वेतमां’–‘वेस्तिमांतेर’; हॉस्पिटलचं ‘ओपिताल’ तर सांगायलाच नको. शब्दाच्या सुरुवातीचा तिरक्या खुणेचा ‘ए’ही तसाच: शाळा ‘एकॉल’–शालेय ‘स्कोलेर’, तारा ‘एत्वाल’–‘स्तेलेर’. काही घरांत मात्र नातंच नाही, भारदस्त शब्द परक्या मुळावरून आणलाय. आठवडा ‘स्मेन’, पण साप्ताहिक ‘एब्दोमादेर’, हा ग्रीकमधून आलेला. आंधळा ‘आवग्ल’, पण अंधत्व ‘सेसिते’. हे अंदाजाने येत नाहीत, पाठच करावे लागतात, आणि असे शब्द फार नाहीत.

लिहिण्याबद्दल म्हटलं होतं ते आता. कुटुंबावरून शब्द ओळखता येतो, बनवता येत नाही. गरीब ‘पोव्र’पासून गरिबी ‘पोव्रते’, पण श्रीमंत ‘रीश’पासून ‘रिशेस’, मोठा ‘ग्रां’पासून ‘ग्रांदर’. तिन्ही शेपटं एकच काम करतात, कोणतं कुठे लागेल याला भरवशाचा नियम नाही. म्हणून निबंधात स्वतः जोडलेला शब्द लिहिण्याआधी तो कुठेतरी वाचलाय का ते आठवा. आठवत नसेल तर वाक्य क्रियापद घालून साधं करा.

सरावासाठी तक्ते बाजूला ठेवा. रोज एक छोटी बातमी घ्या, अडलेल्या शब्दांखाली रेघ ओढा आणि त्यांतले फक्त लांब शब्द निवडा, कारण दोन अक्षरांच्या शब्दात कापायला काही नसतं. प्रत्येकापुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: कापलेलं शेपूट, उरलेला ओळखीचा शब्द, अंदाज. सगळी बातमी झाल्यावरच डिक्शनरी उघडा. नातं खरं की भास, अशी शंका आली तर `cnrtl.fr` वर शब्द टाकून `Étymologie` हा टॅब बघा, ‘देपांसे’सारखी सोंगं तिथे लगेच उघडी पडतात. चुकलेले अंदाज वहीत वेगळ्या पानावर ठेवा आणि चूक शेपटात झाली, डोक्यात झाली की मुळात, एवढं शेजारी लिहा. थोड्या दिवसांनी ते पान बघितलंत की तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते दिसेल. बहुतेकांची ‘र’ आणि ‘दे’मध्ये सापडते. तुमची मुळात सापडली, तर आधी रोजचे शब्द वाढवा, उपसर्ग-प्रत्यय थोडे थांबले तरी चालेल.